‘नियर मिंट, डायल रिस्टोअर्ड’: जुन्या घड्याळाचं वर्णन वाचताना

जुन्या चावीच्या घड्याळांचा बाजार गेल्या काही वर्षांत बराच वाढला आहे. एचएमटीची घड्याळं बनवणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने 2016 मध्ये घेतला. त्यानंतर आजोबांच्या कपाटातला ‘जनता’ किंवा ‘पायलट’ एकदम हौशी लोकांच्या नजरेत भरला. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार इथे ही घड्याळं हातात घेऊन बघता येतात. पण आता बरीचशी खरेदी फोटो आणि चार ओळींच्या वर्णनावरच होते, आणि ते वर्णन साधारण असं असतं:

‘एचएमटी पायलट, 1970चं दशक. नियर मिंट. डायल रिस्टोअर्ड. पिरियड स्ट्रॅप. फुल्ली सर्व्हिस्ड, फाइन वर्किंग कंडिशन.’

वर्णन भारदस्त वाटतं, आणि त्यातला एकही शब्द सरळसरळ खोटा असेलच असं नाही. तरीही या ओळींतून दोन अगदी वेगळी घड्याळं निघू शकतात. एक जपून ठेवण्याजोगं, दुसरं फक्त मनगटावर घालण्याजोगं. शब्द कोणत्या भागाला लावला आहे, आणि त्या भागाचं जे काही केलं ते परत फिरवता येतं का, एवढं कळलं की फरक दिसू लागतो. परत फिरवता येण्याचा मुद्दा मी मुद्दाम पुढे ठेवतो, कारण किंमत त्यावरच हलते. काच बदलली, मशीन खोलून तेल दिलं, पट्टा नवा लावला, तर घड्याळाचं काही बिघडत नाही. डायल खरवडून पुन्हा रंगवली किंवा केस घासून पॉलिश केली, तर जे गेलं ते कोणताही कारागीर परत आणू शकत नाही.

मिंट, फाइन, रिस्टोअर्ड आणि पिरियड हे चार शब्द एकेक करून पाहू. ‘मिंट’पासून सुरुवात करू. घड्याळांत या शब्दाचा कडक अर्थ एकच: कारखान्यातून निघालं तसं, न वापरलेलं, न घासलेलं, सगळे भाग मूळचे. दुकानात न विकता पडून राहिलेल्या जुन्या मालाला ‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणतात. खरा मिंट माल बहुधा तिथूनच येतो. झाकणावरची अक्षरं तीक्ष्ण असतात, पट्टा अडकवायच्या कानांच्या कडा बोटाला लागतात, कधी कधी मागच्या झाकणावर संरक्षक चिकटपट्टीही शिल्लक असते. यावरून एक सोपी गोष्ट निघते. पॉलिश केलेलं घड्याळ मिंट असू शकत नाही. ते चकचकीत असेल, पण चकचकीतपणा आणि न वापरलेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटोत त्या सारख्याच दिसतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

‘नियर मिंट’ला तर काहीच तळ नाही. एखादा प्रामाणिक विक्रेता फक्त काचेवर दोन रेघा आहेत म्हणून हा शब्द लिहितो. दुसरा पन्नास वर्षं वापरलेल्या घड्याळाला नवी काच आणि नवं क्रोम लावून तेच लिहितो. ‘वयाच्या मानाने मिंट’ असं लिहिलेलं दिसलं, तर मिंट हा शब्द खोडूनच वाचावा. तिथे शिल्लक राहतं ते फक्त वय.

मिंटच्या बाबतीत आणखी एक गैरसमज महागात पडतो. मिंट ही बाहेरची अवस्था आहे, चालण्याची नव्हे. चाळीस वर्षं डबीत पडलेल्या घड्याळातलं तेल सुकून चिकट झालेलं असतं आणि रबराची सील कडक झालेली असते. असं घड्याळ चावी दिली की टिकटिक करतं, म्हणून लोक ते तसंच वापरायला लागतात. मग सुक्या तेलावर फिरणारे चाकांचे बारीक आस झिजतात. न वापरलेलं घड्याळ घेतलंत, तरी रोज घालण्याआधी सर्व्हिसिंगचा खर्च धरा, आणि झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ कोरलेलं असलं तरी त्याला पाण्यापासून लांब ठेवा.

‘फाइन’ या शब्दाची अडचण वेगळी आहे. जुन्या वस्तूंच्या प्रत्येक धंद्याने त्याला आपापली जागा दिली आहे. जुन्या पुस्तकांच्या व्यवहारात फाइन ही जवळजवळ सर्वांत वरची श्रेणी आहे, म्हणजे प्रत नव्यासारखी. नाण्यांच्या व्यवहारात फाइन म्हणजे चांगलंच झिजलेलं नाणं. त्याच्या वर व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड अशा पायऱ्या असतात. घड्याळांना अशी सर्वमान्य शिडीच नाही. त्यामुळे नाणी गोळा करणाऱ्याने घड्याळाला फाइन म्हटलं आणि पुस्तकं विकणाऱ्याने म्हटलं, तर दोघांच्या डोळ्यांसमोरचं चित्र वेगळं असतं. आपल्या नमुन्यात तर फाइन हा शब्द ‘वर्किंग’ला चिकटलेला आहे. तिथे त्याचा अर्थ ‘चालतं’ एवढाच घ्यावा.

चालतं म्हणजे किती चालतं, हे मोजता येतं, आणि ते मोजूनच घ्यावं. हल्ली बऱ्याच घड्याळजींकडे टिकटिक ऐकून आकडे दाखवणारं टायमिंग मशीन असतं. त्यावरचे तीन आकडे मागा. पहिला, दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे. दुसरा, बॅलन्सचं चाक किती अंशांत झुलतं. तिसरा, जाण्याच्या आणि येण्याच्या टोल्यातला फरक, मिलिसेकंदांत. एचएमटीच्या 17 ज्वेलच्या चावीच्या मशीनसाठी मी दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आतला फरक आनंदाने चालवून घेतो, कारण तो बहुधा सुईने जुळवता येतो. खरी तब्येत सांगतो तो झुलण्याचा आकडा. पूर्ण चावी दिल्यावर, घड्याळ सपाट ठेवून, तो 250 ते 300 अंशांत असावा. तोच आकडा 200च्या खाली असेल, तर ‘फुल्ली सर्व्हिस्ड’ हे विक्रेत्याचं मत आहे, घड्याळाचं नाही. पुष्कळदा सर्व्हिसिंग म्हणजे झाकण उघडून दोन थेंब तेल सोडणं एवढंच झालेलं असतं. नव्या तेलाने जुनी घाण मऊ होते, घड्याळ महिनाभर छान चालतं आणि मग पुन्हा थांबतं.

आता ‘रिस्टोअर्ड’. या चारांत हा सर्वांत भारी शब्द आहे, आणि मुंबईशी त्याचं जुनं नातं आहे. परदेशातल्या संग्राहकांच्या बोलण्यात ‘मुंबई स्पेशल’ किंवा ‘बॉम्बे स्पेशल’ हे नाव अनेक वर्षं रुळलेलं आहे, आणि ते कौतुकाचं नाही. भारतातून कॅमी, टिटोनी, सिको आणि एचएमटीची जुनी मशीनं नव्याने रंगवलेल्या डायलसह, घासलेल्या केसमध्ये बसवून ढिगाने बाहेर विकली गेली. त्यावरून हे नाव पडलं. डायलचे रंग पोपटी, भगवे, निळे, मूळ कंपनीने कधी न काढलेले. अक्षरं जाड, मशीन कुठलं, काटे कुठले. माझ्या मते यात कारागिराची चूक कमी आहे. बंद पडलेलं घड्याळ चालतं करायचं आणि डायल गिऱ्हाइकाला आवडेल अशी रंगवायची, हा त्याचा रोजचा धंदाच होता. फसवणूक होते ती त्यावर ‘ओरिजिनल’ किंवा ‘मिंट’ची चिठ्ठी लावल्यावर.

एचएमटीच्या ‘पायलट’ची काळी डायल या रंगकामाला सर्वांत जास्त बळी पडली, कारण मागणी तिलाच. डायल मूळची की रंगवलेली, हे ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. आधी मिनिटांची बारीक खूणपट्टी पाहा. मूळ छपाईत प्रत्येक खूण तासाच्या आकड्याशी नेमकी जुळते. रंगवलेल्या डायलवर बारा वाजता जुळलेली पट्टी सहापर्यंत येईतो केसभर सरकलेली असते. मग कंपनीच्या नावाची अक्षरं पाहा. मूळची अक्षरं कडेला धारदार असतात. पुन्हा छापलेली अक्षरं फुगीर दिसतात, त्यांची पोकळी बुजलेली असते, सहाच्या खालची अगदी बारीक अक्षरं बहुतेक वेळा गायबच असतात. तारखेची खिडकी असलेलं घड्याळ असेल, तर खिडकीच्या कडेवर रंग ओघळून जाड झालेला दिसतो. शेवटी त्याच मॉडेलच्या निर्विवाद मूळ घड्याळाचा फोटो शेजारी ठेवून नावाची जागा आणि आकड्यांची वळणं ताडून पाहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सर्वांत खात्रीचं आहे.

अंधारात चमकणारा रंग असलेल्या घड्याळांत अजून एक पारख मिळते. 1960च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या रंगात रेडियम असे, पुढे ट्रिटियम आलं. ट्रिटियमचं तेज सुमारे बारा वर्षांत निम्मं होतं. म्हणून 1960-70च्या स्विस घड्याळाच्या डायलवर सहाच्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे ट्रिटियमचं अक्षर आहे, आणि तरी ते आज रात्रभर लख्ख चमकतं, तर तो रंग नवा भरलेला आहे. काट्यांवरचा रंग पांढरा आणि डायलवरचे ठिपके तपकिरी, असं असेल तर निदान काटे तरी बदलले किंवा रंगवले आहेत. रेडियमचं मात्र भान ठेवायला हवं. त्याची चमक संपली तरी किरणोत्सार संपत नाही, त्याचं अर्धायुष्य सोळाशे वर्षांचं आहे. असं घड्याळ बंद ठेवलेलं बरं. ते स्वतः उघडून रंग खरवडायला जाऊ नये, आणि घड्याळजीकडे देताना रेडियम असल्याचं सांगावं. एक गंमत म्हणजे, वर्षानुवर्षं एकाच जागी थांबलेल्या रेडियमच्या काट्यांची भाजल्यासारखी तपकिरी सावली डायलवर उमटते. नवखं गिऱ्हाईक तिला डाग समजून भाव पाडतं. जाणत्याला तीच सावली डायल मूळची असल्याचा पुरावा वाटते.

केसचं रिस्टोरेशन ओळखायला कानांकडे पाहावं. मूळ केसच्या कानांवर बहुधा तिरपी छाटलेली धार असते, आणि चारही कान एकाच जाडीचे असतात. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या केसचे कान गोलसर होतात, एक कान दुसऱ्याहून बारीक होतो, झाकणावरची अक्षरं पुसट होतात. स्वस्त मॉडेलांत केस साध्या धातूवर क्रोम चढवलेली आणि फक्त मागचं झाकण स्टीलचं असे. अशा केसचं क्रोम मनगटाच्या घामाने कानांच्या आतल्या बाजूला आधी खाल्लं जातं. तिथे खड्डे आहेत आणि त्या खड्ड्यांच्या आतही लख्ख क्रोम आहे, तर क्रोम नंतर चढवलेलं आहे हे उघड आहे.

म्हणजे रिस्टोअर्ड घड्याळ घेऊच नये का? मी तसं म्हणणार नाही. रोज घालायला काळ्या डायलचं देखणं घड्याळ हवं असेल, आणि मूळ डायल गंजून वाचण्यापलीकडे गेली असेल, तर नीट रंगवलेली डायल काही वाईट नाही. फक्त भाव रंगवलेल्या डायलचाच द्यावा. आणि कोणी डायल रंगवायला देतच असेल, तर मूळ डायल तशीच जपून दुसरी रंगवलेली लावावी. तसं केलं तर हा बदलही परत फिरवता येतो.

‘पिरियड’ हा शब्द सर्वांत सभ्य दिसतो आणि सर्वांत कमी सांगतो. पिरियड म्हणजे त्या काळातला. या घड्याळाबरोबर आलेला, असा त्याचा अर्थ होत नाही. पिरियड स्ट्रॅप म्हटलं की पट्टा साधारण त्या दशकातला आहे, एवढंच कळतं. पट्ट्याच्या बाबतीत हे अगदी निरुपद्रवी आहे. चामड्याचा मूळ पट्टा घामाने चार-पाच वर्षांत संपतो, तेव्हा पन्नास वर्षांपूर्वीच्या घड्याळावर मूळ पट्टा सापडलाच तर त्याचं नवल करावं. जुना पिरियड पट्टा बहुधा कडक आणि चिरलेला असतो, म्हणून मी त्याचे वेगळे पैसे देत नाही.

हाच शब्द चावीची घुंडी, काटे, डायल किंवा केसला लागला की प्रकरण बदलतं. ‘पिरियड करेक्ट’ काटे म्हणजे दुसऱ्या घड्याळाचे काटे. एका ‘पायलट’ची केस, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याची डायल, तिन्ही एचएमटीची आणि तिन्ही त्याच दशकातली. हे सगळं पिरियड आहे आणि तरी ते कारखान्यातून निघालेलं घड्याळ नाही. तुकडे जोडून बनवलेल्या अशा घड्याळांना हौशी लोक ‘फ्रँकन’ म्हणतात. जोड ओळखायचा एक मार्ग म्हणजे झीज जुळते का ते पाहणं. केस घासून गेलेली आणि डायल निर्मळ, किंवा डायल पिवळी पडलेली आणि काटे आरशासारखे, असं असेल तर ते सगळे एकत्र म्हातारे झालेले नाहीत. मशीन केसमध्ये सैल बसलं असेल, चावीची घुंडी केसला टेकत नसेल किंवा बोटभर बाहेर राहत असेल, तरीही संशय घ्यावा.

आता पुन्हा त्या पहिल्या वर्णनाकडे जाऊ आणि ते एक खरेदी म्हणून सोडवून पाहू. समजा विक्रेता मूळ डायलच्या घड्याळाचा भाव, म्हणजे 7,500 रुपये, मागतो आहे. ‘नियर मिंट’ आणि ‘डायल रिस्टोअर्ड’ एकाच वर्णनात बसत नाहीत. त्यामुळे नियर मिंट केवळ केसपुरतं आहे असं धरू आणि तेच तपासू. मी पाच गोष्टी मागेन: डायलचा समोरून, काचेवर चकाकी न येता काढलेला फोटो, चारही कानांचा बाजूने फोटो, झाकण उघडून मशीनचा फोटो, चावीची घुंडी बाहेर ओढलेली आणि आत दाबलेली असे दोन फोटो, आणि टायमिंग मशीनवर घड्याळ सपाट आणि उभं असा छोटा व्हिडिओ. प्रश्न विचारताना तक्रारीचा सूर नको. ‘डायल कधी रंगवून घेतली? मूळ डायल तुमच्याकडे आहे का? काटे आणि घुंडी मूळचे आहेत की बदललेले? सर्व्हिसिंगला मशीन पूर्ण खोललं होतं का?’ असं लेखी विचारावं आणि उत्तरं जपून ठेवावीत. पुढे माल परत करायची वेळ आली, तर तीच कामाला येतात. मोठी लिलावगृहंसुद्धा आपल्या अहवालात लिहितात की हे आमचं मत आहे, हमी नव्हे. घरगुती विक्रेता तेवढंही लिहीत नाही, म्हणून उत्तर लेखी हवं.

समजा उत्तर आलं की डायल मागच्या वर्षी रंगवली, मूळची राहिली नाही, काट्यांबद्दल माहीत नाही. फोटोत कानांची धार शाबूत आहे, पण पट्टीच्या खुणा पाचपाशी सरकल्या आहेत. टायमिंग मशीनवर दिवसाला 14 सेकंद पुढे, झुलणं सपाट 205 अंश, उभं 170, टोल्यातला फरक 1.8 मिलिसेकंद. सेकंदांचा आकडा पाहून विक्रेता म्हणेल, बघा किती अचूक आहे. पण झुलणं कमी आहे, आणि उभं धरल्यावर ते आणखी पडतं. म्हणजे मशीन कोरडं किंवा मळलेलं आहे, आणि पूर्ण खोलून साफ करण्याचा खर्च तुमच्या अंगावर येणार. केस चांगली, मशीन मूळचं दिसतं, डायल रंगवलेली, काटे संशयास्पद. अशा घड्याळाला मी मूळ डायलच्या घड्याळाच्या निम्म्याहून कमी भाव धरतो, त्यातून सर्व्हिसिंगचे पैसे वजा करतो आणि मगच बोलणी करतो. इथे ते तीन हजारांच्या आसपास येऊन थांबेल. विक्रेता त्याला तयार नसेल, तर नमस्कार करून पुढे जावं. ‘पायलट’ बाजारात रोज येतात.

दहा फोटोंत एकही डायलचा जवळून नसेल, मशीनचा फोटो ‘झाकण घट्ट बसलंय’ म्हणून मिळत नसेल, किंवा विचारल्यावर वर्णनात आणखी विशेषणंच वाढत असतील, तर भाव कितीही कमी असला तरी माझा हात आखडतो. झाकण उघडणं हे कोणत्याही घड्याळजीचं दोन मिनिटांचं काम आहे.

आणि पुढे कधी हेच घड्याळ तुम्ही विकायला काढलंत, तर ही चार इंग्रजी विशेषणं सोडून भागागणिक लिहा: ‘केस मूळची, पॉलिश केलेली नाही, डाव्या खालच्या कानावर एक खोल रेघ. डायल पुन्हा रंगवलेली. काटे त्याच काळातले, पण बहुधा बदललेले. काच नवी. मशीन मूळचं, या वर्षी पूर्ण खोलून साफ केलं, झुलणं सपाट 270 अंश. पट्टा नवा.’ अशा वर्णनाला फोन थोडे कमी येतील, पण जे येतील त्यांच्याशी भावाचं बोलणं लवकर होईल.